आफरीनची ठिपक्यांची रेघ

आफरीन रागावली की आरडाओरडा करत नाही. माउसवरून हात काढून मांडीवर ठेवते, एवढंच. पण तिनं हात काढला की आमच्या दुकानातलं काम ठप्प होतं, आणि मग मी, म्हणजे दुकानाचा मालक इंद्रजीत, मुकाट्यानं खाली ओरडून दोन चहा सांगतो. मालक कोण आणि कामाला कोण, हे असल्या वेळी मला विचारायचं नाही.

अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. जिना असला उभा की गिऱ्हाईक वर येईपर्यंत अर्धं भांडण विसरतं. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं छापतो आम्ही. पण गेली काही वर्षं बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं आमच्याकडं येतात ती वंशावळीसाठी. कुळाचा मेळावा भरवायचा, हॉल घ्यायचा आणि स्टेजच्या मागं सगळ्या पिढ्यांचा एक भलामोठा फ्लेक्स लावायचा, हे खूळ हल्ली लई वाढलंय. ती सगळी कामं आफरीनची. मी फक्त छापतो आणि बोलणी खातो.

तिचे वडील लालसाब पेंटर. अख्ख्या साखर पेठेतल्या पाट्या त्यांच्या हातच्या. भिंतीवर अक्षर काढायच्या आधी ते खडूची दोरी ताणून आडव्या रेघा मारायचे, आणि डबा धरायला ही पोरगी असायची. आता दोरी गेली, कॉम्प्युटर आला, पण बाई तेच करते. कुणी कितीही घाई करा, आधी कोऱ्या पडद्यावर आडव्या रेघा. एका पिढीला एक रेघ. मग नावं.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, नावं टाक की पटापट, रेघा नंतर मारू."

"भाऊ," ती म्हणाली, "माणूस आधी कुठल्या ओळीतला ते ठरतं. मग डावीकडं की उजवीकडं, ते बघू. उलटं केलं की काका पुतण्याच्या मांडीवर बसतो."

तिचा नियम दोनच वाक्यांचा. लेकरू आईबापाच्या एक ओळ खाली. नवराबायको एकाच ओळीत. वय बघायचं नाही, अजिबात नाही. दोन लग्नं झालेल्या माणसाला ती मधे ठेवते, एका अंगाला पहिली बायको, दुसऱ्या अंगाला दुसरी. दोघींना जोडणाऱ्या रेघा वेगवेगळ्या, आणि लेकरं लोंबतात ती त्या त्या रेघेच्या मधून, बापाच्या चौकटीतून नव्हे. म्हणजे कोण कुणाच्या पोटचं ते बोट न दाखवता कळतं. एखाद्या शाखेत माणसं मावेनात, तर दुसरा कुणी पटकन चार चौकटी खाली ढकलील. ही नाही ढकलत. ही सगळ्यात खालच्या ओळीपासून जागा मोजते, लेकरांच्या बरोब्बर मधोमध आईबाप सरकवते, आणि तरीही नाही बसलं तर मला सांगते, "भाऊ, फ्लेक्सची रुंदी वाढवा." मी कपाळाला हात लावतो आणि वाढवतो.

ह्यात तिचं स्वतःचंही काही असेल. तिचा नवरा गौस ट्रकवर असतो. इफ्रा ही त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बाई गेली, मग आफरीनशी निकाह झाला. शाळेच्या गॅदरिंगला एक बाई म्हणाल्या, "ही सावत्र ना?" तेव्हा आफरीननं काय उत्तर दिलं ते मी इथं लिहू शकत नाही. त्या बाईंनी परत विचारलं नाही एवढं सांगतो.

तर होटगीचे शरणबसव आमच्याकडं आले ते मेळाव्याच्या दहाबारा दिवस आधी. पन्नाशीचा माणूस, हौशी, बोलका. त्यांनी कार्डशीटवर स्वतःच्या हातानं वंशावळ काढून आणली होती. मूळ पुरुष सिद्रामप्पा, रेल्वेत गँगमन होते, त्यांच्यापासून खाली. आणि नुसतं चित्र नव्हे, शरणबसवांच्या डोक्यात अख्खा कार्यक्रम तयार होता.

"फ्लेक्समदली एकेक वळ स्टेजपुढं येणार," ते हातवारे करत म्हणाले. "वरच्या वळीतल्यांनी खालच्या वळीला विभूती लावायची, खालच्यांनी पाया पडायचं. समदं फ्लेक्स बघून. गोंधळ न्हाय की काय न्हाय."

म्हणजे बघा, नुसता शोभेचा कागद नव्हता तो. ज्याची ओळ चुकली त्याच्या कपाळाची विभूती चुकणार होती.

आफरीननं कार्डशीट पाहिली आणि हसू दाबलं. "तुम्ही सिद्रामप्पांचा मुलगा ना?"

"व्हय. त्यांच्या दुसऱ्या बायकूचा, गौरव्वाचा."

"मग तुम्ही तुमच्या भाच्याच्या खाली कसे?"

शरणबसवांनी वाकून पाहिलं. त्यांनी माणसं वयानं लावली होती. आता त्यांची थोरली सावत्र बहीण दानेश्वरी, जिला सगळं होटगी अक्का म्हणतं, तिचा मोठा मुलगा बसू ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. म्हणून ह्या भल्या माणसानं स्वतः मामा असून स्वतःलाच भाच्याच्या खाली बसवलं होतं! आणि गौरव्वा वयानं अक्कापेक्षा लहान, म्हणून सावत्र आईच लेकीच्या खाली गेली होती.

"आयला," ते म्हणाले, "म्हंजे मीच बसूच्या पाया पडलो आसतो की!"

मी इतका हसलो की मशीनवरच्या पोरानं डोकावून पाहिलं. आफरीननं दोन मिनिटांत सगळं जागेवर आणलं. सिद्रामप्पा मधे, डावीकडं वारलेली पहिली बायको नीलव्वा, उजवीकडं गौरव्वा. खालच्या ओळीत नीलव्वाच्या बाजूला अक्का आणि गुरु, गौरव्वाच्या बाजूला शरणबसव. त्याच्या खाली तिसरी ओळ.

"गुरुअण्णा दत्तक हाय," शरणबसव जाता जाता म्हणाले. "पर थोरला तोच. अप्पांचा शब्दच हाय तसा."

"दत्तक कुणाकडून?" आफरीननं विचारलं.

"ते कशाला? घरातलंच हाय." त्यांचा चेहरा जरा आवळला.

ती पुढं विचारणार होती, पण मला एका वाढदिवसाचे बॅनर संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. मी म्हणालो, "आफरीन, घरातलं आहे म्हणतात ना, आवर." तिनं माझ्याकडं पाहिलं, पण आवरलं. नमुना छापून शरणबसवांकडं पाठवून दिला.

दोन दिवसांनी जिन्यावर आवाज आला. एक पायरी, मग दम, मग दुसरी पायरी. वर आली ती पंच्याहत्तरी पार केलेली बाई, इरकली साडी, कपाळाला विभूतीचे पट्टे, एका हातात गुंडाळलेला तो नमुना. होटगीहून रिक्षानं एकटी आली होती. गुडघे धरूनच खुर्चीत बसली.

"ह्ये कुणी काडलं?"

"मी," आफरीन म्हणाली. "काही चुकलं का, आजी?"

"मी दानेश्वरी. समदी अक्का म्हंत्यात." तिनं कागद मांडीवर पसरला आणि स्वतःच्या नावाखाली बोट ठेवलं. "माज्या पोटी तीन लेकरं. हितं दोनच हायती."

मी मशीन बंद केलं.

मग अक्कानं सांगितलं. नीलव्वाला एकटी दानेश्वरीच. मुलगा नाही. दानेश्वरीला पहिला बसू झाला, दुसरा गुरु. गुरु तीन वर्षांचा झाला तेव्हा सिद्रामप्पांनी लेकीचा लेक मांडीवर घेतला. रीतसर, पाच माणसांसमोर. त्या दिवसापासून गुरु तिचा भाऊ. त्यानं तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं नाही, अक्का म्हणायचं, तिनं त्याला राखी बांधायची. पुढं नीलव्वा गेली, गौरव्वा आली, शरणबसव झाला. अप्पा गेले. एवढ्या वर्षांत तिनं कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"दिला तो दिला," अक्का म्हणाली. "मागं न्हाय घ्यायचा मला. त्येला अप्पाजवळनं हालवू नगं. पर हिकडं जल्म झाला व्हता, येवडं तरी दिसावं. मी मेल्यावर कोन सांगनार?" आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली.

आफरीननं उठून तिला पाणी दिलं, कागद हातात घेतला आणि म्हणाली, "ही माझी चूक, अक्का. मी विचारलं आणि उत्तर न घेताच सोडलं. बसा तुम्ही."

मग ती जे बसली ते दुपारचं जेवण विसरून. मी आपला अक्काशेजारी बसून पडदा बघत होतो. पेच सरळ होता आणि लई अवघड होता. गुरु जन्मानं तिसऱ्या ओळीतला, दत्तकानं दुसऱ्या. एकच माणूस, दोन ओळी. मी म्हणालो, त्याला दोन ओळींच्या मधे ठेव. आफरीननं माउसवरून हात काढला. मी लगेच म्हणालो, बरं बरं, नको.

"मधे ठेवला तर तो कुणाचाच नाही," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्या ओळीतल्या गुरुला हातही लावला नाही. सिद्रामप्पा आणि नीलव्वापासून आलेली भरीव रेघ, ती तशीच. त्याची बायको, त्याची मुलगी उत्कर्षा, सगळं तिथंच. मग अक्काच्या खाली, बसू आणि त्याच्या बहिणीच्या मधे, बरोब्बर जन्माच्या क्रमानं तिनं एक जागा मोकळी केली. दोन चौकटी सरकवल्या, तशी बाकीची अख्खी शाखा सरकली, तिनं परत सगळ्यांना मधोमध आणलं. त्या जागेत ठिपक्यांची चौकट. आत पुन्हा गुरु. चौकटीच्या वर अक्कापर्यंत ठिपक्यांची रेघ. दोन्ही चौकटींच्या कोपऱ्यात एकच लाल चांदणी, म्हणजे माणूस एकच आहे हे कळावं. आणि फ्लेक्सच्या तळाला खूण लिहिली: भरीव रेघ घराची, ठिपक्यांची रेघ जन्माची, चांदणीवाला दोनदा मोजू नये.

अक्का बराच वेळ बघत होती. वाचता येत नव्हतं तिला फारसं, पण स्वतःच्या खाली तीन चौकटी तिनं बोटानं मोजल्या. मग आफरीनच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गेली.

आता खरी कटकट सुरू झाली. नवा नमुना पाहून शरणबसवांचा फोन आला. नाव दोनदा कशाला, लोक हसतील, आणि मुख्य म्हणजे गुरुअण्णाला काय वाटेल? माणूस बोलत होता ते मनापासून, वाईट बुद्धीनं नाही. आफरीन म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. ज्यांचं नाव, त्यांना विचारल्याशिवाय मी छापणार नाही. त्यांना पाठवा."

दुसऱ्या दिवशी गुरु आले. साठीला टेकलेला, उंच, पांढरी टोपी, आणि जिना चढतानाच तापलेला.

"मला खाली कुनी आनलं?"

"कुणी नाही," आफरीन म्हणाली.

"ह्ये काय मग?" त्यांनी ठिपक्यांच्या चौकटीवर बोट आपटलं. "मी सात वर्सांचा व्हतो. शरणू जल्मला, आन् गावातली मानसं माज्यादेखत म्हनाली, आता खरा ल्योक आला. अप्पांनी मला खांद्यावर घ्येतलं आन् समद्यांना सांगितलं, ह्यो थोरला, त्यो धाकटा. त्यांनी मला त्या वळीत बसवलंय. तुमी कोन मला भाच्यांत बसवनार?"

मला वाटलं आता ह्या दोघांची जुंपणार. पण आफरीननं आवाज वाढवला नाही. "काका, इकडं या. हात द्या." तिनं त्यांचा हात माउसवर ठेवला आणि वर आपला. "ही खालची ठिपक्यांची चौकट. पुसा."

त्यांनी पुसली. चौकट गेली.

"काय पडलं? कोण हललं?"

"काय न्हाय."

"आता वरची पुसा. तुमची, भरीव."

त्यांचा हात थांबला.

"पुसा, मी परत आणते." चौकट गेली. त्यांची बायको एकटी उभी राहिली, उत्कर्षा रेघेविना लोंबत राहिली, सिद्रामप्पांच्या खाली भगदाड पडलं. गुरु बघतच राहिले. आफरीननं दोन्ही चौकटी परत आणल्या.

"तुमचं घर वर आहे. सगळं वजन वर आहे. खालच्या चौकटीवर एकसुद्धा माणूस टेकलेला नाही," ती म्हणाली. "ती तुमच्यासाठी काढलेलीच नाही, काका. ती अक्कासाठी काढलीय."

"अक्कासाठी?"

"त्या आल्या होत्या. परवा."

"हितं?" गुरुंनी मागं वळून जिन्याकडं पाहिलं. "गुडगं धरून? ह्यो जिना चडून?"

"एकट्या. म्हणाल्या, त्याला अप्पाजवळून हलवू नको. पण माझ्या पोटी तीन."

गुरु खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चहा सांगितला, तो आला, निवला. शेवटी ते उठले, पडद्याजवळ गेले, वरच्या ओळीवर एकदा बोट टेकवून ती जागची जागी आहे ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दोनी ऱ्हाऊ द्या."

मेळाव्याला आम्हाला दोघांनाही बोलावणं होतं. होटगी रोडवरचा हॉल, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा वास, माणसांची ही गर्दी. स्टेजच्या मागं आमचा फ्लेक्स, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ओळी अशा सरळ की लालसाब पेंटरनी दोरी मारली असती तरी एवढ्याच सरळ आल्या असत्या. कोपऱ्यात उभा राहून मी बघत होतो आणि छाती अशी फुगली होती जशी काही ती वंशावळ माझीच.

शरणबसव माइकवरून एकेक ओळ बोलवत होते. पहिल्या ओळीतलं हयात माणूस एकच, गौरव्वा. तिच्यापुढं दुसरी ओळ आली. अक्का वयानं मोठी असून वाकली, गौरव्वा लाजून "राहू दे, राहू दे" म्हणाली, पण फ्लेक्स म्हणजे फ्लेक्स. मग गुरु. मग शरणबसव. थोरला आधी, धाकटा नंतर. गुरुंची मान ताठ होती.

मग तिसरी ओळ. आता विभूतीचं ताट दुसऱ्या ओळीच्या हातात. अक्का आणि गुरु स्टेजवर शेजारी शेजारी, भाऊबहीण. खाली बसू उभा, त्याच्यानंतर एका माणसाची जागा सोडून त्याची बहीण. फ्लेक्स बघूनच उभे होते ते. अक्कानं बसूला विभूती लावली आणि हात पुढं नेला. पुढं कुणी नव्हतं. तिचा हात तसाच हवेत राहिला.

गुरुंनी हातातलं ताट शरणबसवांकडं दिलं. स्टेजच्या पायऱ्या उतरले. टोपी काढली. बसूच्या शेजारी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले आणि मान खाली घातली. ओळीच्या पलीकडच्या टोकाला त्यांचीच मुलगी उत्कर्षा होती. ती तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली.

अक्काला त्यांच्या कपाळापर्यंत हात पुरेना. ते आणखी वाकले. तिनं तीन बोटांनी विभूती ओढली, सावकाश, आणि मग कपाळावरून हात काढलाच नाही. म्हणाली, "येवडा मोटा झालास व्हय रं."

"व्हय, अव्वा," गुरु म्हणाले.

अक्कानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, मग मागं वळून फ्लेक्सवरच्या सिद्रामप्पांच्या नावाकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. "जा," ती म्हणाली. "तुज्या जागंवर जा. तुजा बाप वाट बगतोय." आणि गुरु पायऱ्या चढून परत तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

मी डोळे पुसून आफरीनकडं वळलो. म्हणालो, "बाई, तू कमाल केलीस." ती फ्लेक्सकडं डोळे बारीक करून बघत होती, आणि तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

"भाऊ," ती म्हणाली, "ठिपके बारीक आलेत. अक्काला घरी लावायला एक वेगळा काढून द्या. मी जाड करते."